एकाच भाषेतलं आमंत्रण

होन्नेकेरेचं तळं सांडव्यावरून वाहायला लागलं तेव्हा चैत्रा झोपेत होती, आणि झोपेतच तिला पाण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, नेहमीचं स्वप्न आहे. लहानपणापासून ते तिला पडायचं: तळं भरलंय, पाणी हळूहळू गल्लीत शिरतंय, आजोबांची नाचणी पाण्याखाली डुलतेय आणि कुणालाच कशाची भीती वाटत नाहीये. जाग आली तरी आवाज काही थांबेना. मग ती तशीच, केसही न बांधता, चपला शोधत बाहेर पडली.

बाहेर धुकं होतं. आजोबांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत, पण धुक्यात त्यांचे खालचे मजले पार नाहीसे झाले होते आणि वरच्या खिडक्यांतले दिवे नुसतेच अधांतरी लटकत होते. सांडव्याच्या दगडांवरून पाणी इतक्या सावकाश सरकत होतं की ते वाहतंय की थांबलंय ते कळू नये. लुगडं वर खोचून, पाय पाण्यात सोडून, तिथे आधीच कुणीतरी बसलं होतं. लक्कम्मा. चैत्राच्या वडिलांची थोरली भावजय, म्हणजे तिची दोड्डम्मा.

"कधीपासून वाहतंय गं, दोड्डम्मा?"

"मला काय विचारतेस? मी काय पहाऱ्याला बसले होते?" लक्कम्मा म्हणाली. तिचा आवाज मात्र ओला होता. "बस इथे. बोलू नकोस. आणि तो फोन आत ठेव, नाहीतर ढकलून देईन पाण्यात. त्याला आधी."

चैत्रा बसली. तळं शेवटचं भरून वाहिलं तेव्हा ती फ्रॉक घालत होती. त्यानंतर तळं आटलं, कचऱ्याने बुजलं, त्यात म्हशी बसल्या, मग म्हशीही बसेनात. त्याचं पुन्हा तळं व्हायला लोकांची बरीच वर्षं आणि बरेच शनिवार गेले होते. आता पाय सुन्न पडेपर्यंत गार पाणी घोट्यांवरून जात होतं. आपण अजून झोपेतच आहोत असं चैत्राला वाटत राहिलं, आणि तिने ते वाटू दिलं.

तळ्याचं पेज चैत्रा चालवत असे. पोटापाण्यासाठीही ती हेच करायची. शहरातल्या दोन-चार दुकानांची आणि एका दवाखान्याची पानं तिच्याकडे होती. पण तळ्याचं पान हे घरचं काम, म्हणजे फुकटचं, म्हणजे सगळ्यात जिवाला लावून घेतलेलं. त्या पानावर कोण नव्हतं! गावातली पोरं होती, इमारतींतले तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी होते, पक्षी बघणारे होते, आणि कुठून कुठून आलेले, कधीच तळ्यावर न फिरकणारे, पण रोज हृदय टाकणारेही होते. बेंगळुरूत कुठलंही वाक्य लिहिलं की अर्ध्या लोकांना ते आपलं वाटतं आणि अर्ध्यांना परकं. कुठलं अर्धं निवडायचं हाच काय तो धंदा.

चैत्राचे त्याबद्दल पक्के आडाखे होते. पाणी वाढलंय, दार बंद आहे, साप निघालाय, असं काही जिवाशी खेळणारं असेल तर दोन्ही भाषांत, आणि कन्नड आधी. दोन भाषांची दोन वेगळी कार्डं करायची. एकाच चित्रावर दोन्ही कोंबल्या की अक्षरं मुंग्यांएवढी होतात आणि कुणीच काही वाचत नाही. चित्राखालच्या मजकुरातल्या पहिल्या दोन ओळीच काय त्या दिसतात, बाकीचं बोट लावल्याशिवाय उलगडत नाही. म्हणून त्या दोन ओळी कुठल्या भाषेत आहेत, त्यावर कोण थांबणार आणि कोण पुढे सरकणार ते ठरतं. शनिवारच्या श्रमदानाची हाक इंग्रजीत सविस्तर आणि कन्नडात एका ओळीत, कारण शनिवारी येणारे बहुतेक इमारतींतले. गावातल्या बायकांना लेखी काही धाडण्यात अर्थ नसतो. त्यांच्या गटावर आवाजी निरोप टाकायचा, तोही लक्कम्माच्या आवाजात, म्हणजे पोचतो. म्हणी, टोमणे, जुन्या आठवणी फक्त कन्नडात. त्यांचं इंग्रजी केलं की त्या मेलेल्या माशासारख्या पोट वर करून तरंगतात. भाषांतर म्हणून कधी करायचंच नाही, दोन्हीकडे नव्याने लिहायचं. आणि कुणी इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहून विचारलं तर त्यालाही तसंच उत्तर द्यायचं, उगाच मास्तरकी करायची नाही.

पण एक नियम सगळ्यांच्या वर होता. तळ्यावर या, असं ज्यात ज्यात म्हणायचं आहे, ते दोन्ही भाषांत. त्याला आजवर एकदाही अपवाद झाला नव्हता.

हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, पण तो कुणामुळे झाला होता हे तिला ठाऊक होतं. इप्सिता मोहंती. ओडिशाच्या, नवरा वारल्यावर मुलीकडे येऊन राहिलेल्या, सातव्या मजल्यावरच्या. तळं म्हणजे उकिरडा होता तेव्हा एका शनिवारी या बाई हातात घरचा झारा घेऊन खाली उतरल्या होत्या, कारण कुदळ कुठे मिळते ते त्यांना माहीत नव्हतं. गावातल्या पोरी तेव्हा तोंडावर पदर धरून हसल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा शनिवार चुकला नाही. जलपर्णी उपसून उपसून त्यांच्या बोटांना कायमचा हिरवट रंग बसला होता. कन्नड त्यांना यायचं ते एवढंच: या, बसा, पाणी, पुरे, अज्जी. चैत्राशी त्या इंग्रजीत बोलायच्या, मध्येच हिंदी, आणि फार आनंद झाला की ओडिया, जे कुणालाच कळायचं नाही.

"हे भरेल ना गं, चैत्रा, तेव्हा तू मला तुमची ती पूजा दाखवायची," त्या दर पावसाळ्यानंतर म्हणायच्या. "सुपाची. तू सांगितली होतीस ती."

"दाखवणार काय, आंटी, तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहणार," चैत्रा म्हणायची.

ती पूजा म्हणजे बागिन. तळं भरून वाहिलं की गावातल्या बायका त्याला सुपाचं वाण देतात. हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ, डाळ, गूळ सुपात मांडायचं, वर दुसरं सूप पालथं घालायचं आणि पाण्यात सोडायचं. लेकीला माहेरी आल्यावर ओटी भरून पाठवतात, तसंच.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बायका जमल्या आणि शुक्रवारची सकाळ ठरली. चैत्रा फोन काढून टिपून घेणार, तोच लक्कम्माने हात धरला.

"हे त्या तुझ्या पानावर टाकू नकोस."

"असं कसं, दोड्डम्मा? लोकांना कळायला नको?"

"गेल्या कार्तिकात कळलं होतं ना," शेजारची भाग्यम्मा म्हणाली. "तू टाकलंस दिव्यांचं, दोन-दोन भाषांत, सजवून. काय झालं? तीन पायांचे ते कॅमेरे घेऊन सगळं शहर सांडव्यावर! आम्ही आपले दिवे हातात घेऊन रस्त्यावर, जशा काय रेशनच्या रांगेत."

"मी दिवा सोडला," लक्कम्मा म्हणाली, "तर एक पोरगा म्हणतो, अज्जी, पुन्हा एकदा सोडा, फोकस नव्हता. मी म्हटलं, बाळा, देवाचा फोकस होता ना?"

सगळ्या हसल्या, चैत्राही हसली. पण त्या रात्री लक्कम्मा विझलेला दिवा पदराखाली धरून परत आली होती आणि दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती, हे तिला आठवलं.

"या वेळी ती जत्रा नको," लक्कम्मा शांतपणे म्हणाली. "मी काय पुढच्या खेपेला असेन का? एकदा मला माझ्या तळ्याची ओटी नीट भरू दे. बास."

"बरं," चैत्रा म्हणाली. "पण काहीच टाकलं नाही तर आपल्याच पोरांना कळणार नाही. जे नोकरीला लांब राहायला गेलेत त्यांना. मी फक्त कन्नडात टाकते. मग तर झालं?"

लक्कम्माने खांदे उडवले. "ते तुझं तू बघ. मला काय वाचता येतंय?"

आता हा तोडगा चैत्राला फार आवडला. इतका आवडला की तो तिने कट्ट्यावरून घरी येईस्तोवर मनात दहा वेळा घोळवला. इंग्रजी म्हणजे मोठं दार, कन्नड म्हणजे परसदार. परसदाराने घरचीच माणसं येतात. इतकी वर्षं दोन्ही भाषांत वावरलेल्या बाईला एवढं भाबडं काही सुचावं, याला काय म्हणायचं! पण तिन्हीसांज होती, खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता, आणि अशा वेळी आपल्याला जे सुचतं ते खरंच वाटतं.

तिने सुंदर लिहिलं. हे मात्र मान्य करावं लागेल. कशी आपली आई सूप डोक्यावर घेऊन सांडव्याकडे जायची, कसं पाणी दगडांशी बोलायचं, कशी पाणकोंबड्यांची जांभळी पिल्लं वेलीत लपायची, आणि आता तळं इतक्या वर्षांनी माहेरी आलंय, त्याची ओटी भरायला या. लिहिताना ती त्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. नेहमीच्या सवयीने तिचं बोट दुसरं कार्ड उघडायला गेलं आणि थांबलं.

इप्सिता आंटी.

तिने त्यांना निरोप लिहायला घेतला: शुक्रवारी सकाळी या, तुम्ही एकट्याच या. 'एकट्याच' हा शब्द वाचून तिचं तिलाच कसंसं झालं. आंटींच्या पोटात तीळ भिजायचा नाही. आनंदाच्या भरात त्या आपल्या इमारतीच्या गटावर फुलांच्या चित्रासकट टाकतील, आणि गटावर पाचशे घरं. मग परत तोच तीन पायांचा कॅमेरा, आणि लक्कम्मा रस्त्यावर. चैत्राने निरोप पुसला. उद्या फोन करू म्हणाली. आणि शिवाय पोस्टखाली भाषांतराचं बटण असतंच की. वेडंवाकडं का होईना, सांगतं ते. आंटी वाचतीलच.

पोस्ट गेली. थोड्या वेळाने संपतचा फोन. संपत तळ्याचे फोटो काढायचा. बेंगळुरूत जन्मलेला तमिळ, बोलायला कन्नड, शिव्या तीन भाषांत.

"काय हो मॅडम, इंग्रजी कार्ड पोटात राहिलं का?"

"नाही. मुद्दामच नाही टाकलं."

"बाप रे. का?"

तिने सांगितलं.

"हे बघ चैत्रा, दोन गोष्टी. एक, तू हे इतकं छान लिहिलंयस की ते आता घरात बसणार नाही. कन्नड म्हणजे तुला काय गल्ली वाटली? अख्खा कर्नाटक आहे तो. आणि दुसरं..."

"काय?"

"काही नाही. रोज दोन कप कॉफी ठेवणाऱ्याने एक दिवस एकच ठेवला, तर पाहुण्याला काय वाटेल एवढंच आलं मनात. जाऊ दे. मी शुक्रवारी सकाळी येतो, कॅमेरा न घेता. मला परसदारानं घेणार ना आत?"

"तुला कशाला आमंत्रण, मांजराला देतात का?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. पण कॉफीचं ते तिला टोचलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टखाली कुणीकुणी इंग्रजीत विचारत होतं, काय लिहिलंय, कृपया सांगा. त्यांना उत्तर न देता राहण्याची चैत्राला सवय नव्हती. बोटं शिवशिवायची. मग दुपारी एक हृदय आलं. इप्सिता मोहंती. नुसतं हृदय, शब्द नाही. चैत्राला एकदम हलकं वाटलं. वाचलं म्हणजे. बटण दाबून वाचलं. म्हणजे येतील, न बोलावताही येतील, घरचंच माणूस ते. आता फोन करायची गरजच उरली नव्हती. तिने तो केलाही नाही.

शुक्रवारी धुकं निवळायच्या आधीच माणसं आली. आधी गावातली, नोकरीला लांब गेलेली, पोराबाळांसकट. ते ठीक होतं. मग दुचाक्या आल्या, कन्नडचे लाल-पिवळे झेंडे लावलेल्या. मग बसस्टॉपवरून चालत येणारे थवे. कुठल्या कुठल्या मोठ्या कन्नड पानांनी चैत्राचा मजकूर उचलला होता, आपल्या मातीची रीत बघायला चला म्हणून, आणि मातीची रीत बघायला सगळं शहर आलं होतं. मागच्या कार्तिकात आलं होतं त्याहून जास्त. तीन पायांचे कॅमेरेही आले. कॅमेऱ्याला कुठली आलीये मातृभाषा!

"अज्जी, थोडं इकडे बघा ना," एक पोरगी शुद्ध कन्नडात म्हणाली.

"आता निदान कळतंय तरी काय म्हणतायत ते," लक्कम्मा पुटपुटली.

संपतने आणि गावातल्या पोरांनी हात धरून साखळी केली, सांडव्याच्या दगडांपुढे जागा राखली. बायकांनी सुपं सोडली. हे सगळं चैत्राला पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू येत होतं. जयजयकार, शिट्ट्या, आणि त्या सगळ्याच्या खाली पाण्याचा तो सावकाश आवाज. ती गर्दीत हिरवट बोटांचा हात शोधत होती. प्रत्येक पांढऱ्या साडीकडे तिची मान वळत होती. सातव्या मजल्याकडे तिने पाहिलं तर तिथे धुकंच होतं.

ऊन वर आलं आणि गर्दी जशी आली तशी पांगली. पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या, काठावर रिकाम्या बाटल्या. लक्कम्मा होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाच्या सावलीत बसली होती. तिच्या मांडीपाशी सुपांची एक जोडी तशीच होती, दोऱ्याने बांधलेली.

"हे राहिलं, दोड्डम्मा? कुणाचं?"

"तुझ्या त्या ओडिशाच्या अम्माचं." लक्कम्माने आजूबाजूला पाहिलं. "कधीची थांबलेय. कुठे आहे ती?"

"तिचं सूप केलं होतंस?"

"म्हणजे? तळं काय तिच्याशिवाय भरलं? आपल्या भाग्यम्माने तरी कधी हात घातला होता चिखलात? मी काल बाजारातून हिरव्या बांगड्या आणल्या, तिच्या मापाच्या अंदाजाने. तू तिला बोलावलं होतंस ना?"

"मी... तू म्हणाली होतीस जत्रा नको."

"ती बाई एकटी जत्रा आहे का गं?"

चैत्राने सुपं उचलली आणि निघाली. इमारतीच्या पहारेकऱ्याने विचारलं, कुणाकडे. तिने नाव सांगितलं. लिफ्टच्या आरशात केसांत मोगरा, हातात सुपं आणि पायाला चिखल असलेली बाई तिच्याकडे बघत होती, आणि ती कोण आहे ते क्षणभर चैत्राला ओळखू येईना.

दार इप्सितांनी उघडलं. कोरी, फिकी साडी, नुकतीच नेसलेली. आतून तांदूळ आणि गुळाचा वास येत होता.

"अगं ये, ये! सगळं पाहिलं मी गच्चीतून. धुकं गेल्यावर. काय गर्दी! अज्जींना त्रास नाही ना झाला?"

"आंटी, तुम्ही खाली का नाही आलात?"

इप्सिता हसल्या. त्यांनी चैत्राच्या हातातली सुपं पाहिली, पण हात पुढे केला नाही.

"मी वाचलं, चैत्रा. बटण दाबून वाचलं, मग मुलीच्या ऑफिसातल्या एका मुलाकडून नीट वाचून घेतलं. फार सुंदर लिहिलंस तू. ओटी भरायला या, असं लिहिलंस ना? मग मला कळलं."

"काय कळलं?"

"तू कायम दोन्हीत लिहितेस. साप निघाला तरी दोन्हीत. या वेळी एकाच भाषेत लिहिलंस, म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. आमच्याकडेही ओटीच्या कामाला नवरा गेलेल्या बाईला बोलवत नाहीत. पण आमच्याकडे ते तोंडावर सांगतात. तू सांगितलं नाहीस. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत हळूच बोललीस, मला ऐकू येऊ नये म्हणून." त्यांनी चैत्राच्या गालाला हात लावला. "मी मुलीला म्हटलं, किती सभ्य पोरगी आहे बघ. मला वाईट वाटू नये म्हणून तिने किती जपलं."

चैत्राला रडू फुटलं. साधंसुधं नाही, लहान पोरासारखं, आवाज करून. आयुष्यभर शब्द निवडून निवडून लिहिले होते, कुठल्या भाषेत काय, किती आणि कुणासाठी, आणि न लिहिलेलं एक कार्ड या बाईने तीन दिवस असं वाचलं होतं. वर त्याबद्दल हृदय पाठवलं होतं.

"नाही हो आंटी, तसं नव्हतं. तसं काही म्हणजे काहीच नव्हतं. मी तुम्हाला फोन करणार होते. मला वाटलं तुम्ही गटावर टाकाल. मूर्ख आहे मी. हे सूप तुमचं आहे. दोड्डम्माने केलंय. तुमच्यासाठी बांगड्या आणल्यात तिने, आणि ती खाली थांबलीये."

"कुठे थांबलीये?"

"सांडव्यापाशी. कधीची."

"उन्हात?"

"झाडाखाली आहे, पण..."

"आणि तू इथे येऊन रडत बसलीस?" इप्सितांचा आवाज एकदम शनिवारचा झाला, जलपर्णी नीट मुळासकट उपटा म्हणणारा. "ऐंशीला टेकलेली बाई ती! छत्री घे तिथली. ती नाही, मोठी."

त्यांनी स्वयंपाकघरातून पानात बांधलेलं काहीतरी घेतलं, चपला पायात सरकवल्या, आणि दारातच थबकल्या.

"पण चैत्रा, मी चालेन का? खरं सांग."

"चला तुम्ही," चैत्रा डोळे पुसत म्हणाली. "तिलाच विचारा."

खाली आल्यावर विचारायची वेळच आली नाही. लक्कम्मा उठून उभी राहिली आणि कन्नडात सुरूच झाली. आता येतेस होय, पाय दुखले माझे, ही पोरगी नुसती फोनात तोंड घालून असते, चल, पाणी तुझी वाट बघतंय. इप्सितांनी आपल्या रिकाम्या कपाळाला बोट लावून दाखवलं, मान हलवली. लक्कम्माने ते पाहिलं. मग तिने स्वतःच्या रिकाम्या कपाळाला बोट लावून दाखवलं.

"माझाही गेलाय, अठरा वर्षं झाली," ती म्हणाली. "आणि हे तळं? एवढी वर्षं कोरडं कपाळ घेऊन बसलं होतं, ते कुणाला विचारणार गं, तुझा नवरा आहे का म्हणून? हात पुढे कर."

चैत्राने सवयीने तोंड उघडलं, इंग्रजीत सांगायला. पण इप्सितांनी हात पुढे केला होता. लक्कम्मा त्यांच्या हिरवट बोटांवरून एकेक बांगडी चढवत होती, आणि अंदाज चुकला होता, बांगड्या घट्ट होत होत्या. इप्सिता ओडियात काहीतरी भराभर बोलत होत्या, आणि लक्कम्मा कन्नडात म्हणत होती, हो ना, अगदी तसंच, कळतंय मला, हात सैल सोड. दोघी पाण्यात उतरल्या. पानात बांधलेलं पिठं, त्यांच्याकडचं तांदूळ-गुळाचं पक्वान्न, इप्सितांनी सुपात ठेवलं, लक्कम्माने वर दुसरं सूप झाकलं. दोघींनी मिळून ते सोडलं. सांडव्याच्या कडेवर ते जरा अडलं, मग गेलं.

चैत्राचा फोन थरथरला. संपतचा निरोप होता: इंग्रजीवाले विचारून विचारून मेले, आता तरी काही टाकायचं का, आणि कशात?

लक्कम्माने मागे वळून न बघता हाक मारली.

"ए पोरी, छत्री नीट धर. तिच्या डोक्यावर ऊन येतंय."

चैत्राने फोन कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी छत्री धरली.